टोकाच्या आकड्याचे वजन

प्रयोगवहीच्या पानाचा फोटो कुणीतरी पाठवतो. स्प्रिंगला ५० ग्रॅमची वजने एकेक करून अडकवलेली, आणि दर वेळी पट्टीवरचे वाचन सेंटिमीटरमध्ये टिपलेले. समजा, वजनांची संख्या १ ते ५ आणि वाचने १२.१, १४.०, १६.२, १७.९, २०.३ अशी आहेत. शेवटची ओळ फोटोच्या कडेला, थोडी पुसट. तिथला शेवटचा अंक तीन आहे की आठ, हे झूम करूनही कळत नाही. इंग्रजी आकड्यांतली ही जोडी अशी नेहमीच छळते.

आधी तीन धरून हिशोब करू. एवढ्या लहान तक्त्याला मोठमोठ्या बेरजांचे सूत्र लावण्याची गरज नाही. वजनांच्या संख्यांची सरासरी ३. तिच्यापासूनची अंतरे −२, −१, ०, १, २. त्यांच्या वर्गांची बेरीज १०. प्रत्येक वाचनाला त्याच्या अंतराने गुणून बेरीज घेतली की २०.३ येते, तिला १० ने भागले की रेषेचा चढ २.०३. म्हणजे दर ५० ग्रॅमला स्प्रिंग २.०३ सेंटिमीटर लांबते. वाचनांची सरासरी १६.१, आणि रेषा (३, १६.१) या बिंदूतून जातेच. झाले.

हाताने केलेल्या या हिशोबात एक गोष्ट उघडी पडते, जी कॅल्क्युलेटरची तयार कळ दाबल्यावर दिसत नाही. चढ काढताना मधल्या वाचनाला शून्याने गुणले. ते १६.२ असो की १९.२, चढ तसूभरही हलत नाही, फक्त सगळी रेषा वर सरकते. टोकाच्या वाचनांना मात्र दोनने गुणले. पाचही वाचने एकाच पट्टीवर, एकाच डोळ्याने घेतलेली, पण चढ ठरवण्यात त्यांचा वाटा सारखा नाही. आणि आपला पुसट अंक नेमका टोकाला आहे.

आता समजा, खरा अंक तीन असताना आपण आठ धरला. चढ २.१३ होतो. स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला २४.१ न्यूटनऐवजी २३.० येतो. चूक पकडायची कशी? बहुतेक जण प्रत्येक वाचन आणि रेषेवरची किंमत यांतला फरक काढतात आणि या फरकांची बेरीज शून्य आली की निर्धास्त होतात. इथे फरक येतात ०.१६, −०.०७, ०.००, −०.४३, ०.३४. बेरीज शून्य. पण ती शून्य येणारच. सरासरीतून जाणारी रेषा काढली की कोणत्याही आकड्यांना ती शून्यच येते. ही तपासणी आपल्या गुणाकार-भागाकाराची आहे, फोटो नीट वाचल्याची नाही.

त्याहून वाईट म्हणजे सर्वात मोठा फरक चौथ्या वाचनाचा दिसतो, जे बिचारे बिनचूक आहे. पाचवा आकडा ०.५ ने चुकला, तर रेषा त्या टोकाला ०.३ ने त्याच्याकडे ओढली जाते आणि चुकीतले फक्त ०.२ फरकात उघड होतात. दोषी आकडा रेषेलाच आपल्या बाजूला वळवून घेतो आणि आळ शेजाऱ्यावर येतो.

लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये न्यूनतम वर्गांची ही पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हाच त्याने सुचवले होते की फार मोठा फरक देणारी निरीक्षणे वगळून पुन्हा हिशोब करावा. इथे तो सल्ला डोळे मिटून पाळला तर चौथे वाचन जाईल, चढ २.१९ होईल, म्हणजे खऱ्यापासून आणखी दूर. आणि उरलेले सगळे फरक ०.२ च्या आत येतील. रेषा देखणी दिसेल आणि जास्त चुकलेली असेल. याच कारणाने केवळ छोट्या फरकांवर विश्वास टाकणे मला पटत नाही.

उपाय साधा आहे. ज्या वाचनाचा संशय, ते बाजूला ठेवून उरलेल्यांची रेषा काढायची आणि तिलाच त्या जागेचे उत्तर विचारायचे. पहिल्या चार वाचनांची सरासरी १५.०५, चढ १.९६, पाचव्या वजनाला ही रेषा १९.९५ सांगते. २०.३ तिच्यापासून ०.३५ वर आहे, २०.८ मात्र ०.८५ वर. आठ धरून चौथ्याची अशीच परीक्षा घेतली तर फरक सुमारे ०.६ येतो, म्हणजे आता बोट पाचव्याकडेच वळते. तरी हा पुरावा नव्हे, कल आहे. चार बिंदूंची रेषा स्वतःच्या पलीकडचे सांगताना डगमगते, आणि स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली गेली असेल तर शेवटचे वाचन खरोखरच वर जाऊ शकते.

म्हणून हिशोबाने अंक ठरवून मोकळे होऊ नका. ज्याच्याकडे वही आहे त्याला पहिल्या आणि शेवटच्या ओळीचा फोटो पुन्हा मागा. मधली ओळ थोडी पुसट असली तर चढापुरते चालेल.