‘बघते’ या शब्दाची किंमत

नकार द्यायची वेळ आली की आपल्या सगळ्या भाषा एकाच क्रियापदामागे लपतात. मराठीत ‘बघते’, हिंदीत ‘देखते हैं’, गुजरातीत ‘जोईशुं’, कन्नडमध्ये ‘नोडोणा’, तमिळमध्ये ‘पाक्कलाम’. बंगळुरूत राहून घरच्या ओव्हनवर केक विकणाऱ्या मला हे सगळे शब्द डिसेंबरात वापरायला मिळतात. सगळ्यांचा अर्थ पाहणे, आणि पाहायचं कोणालाच नसतं. ऐकणारा त्याचा अर्थ बहुधा ‘हो’ असा घेतो. बोलणाऱ्याला मात्र पुढे ‘मी कुठे हो म्हटलं होतं?’ असं म्हणायची सोय राहते. माझ्या धंद्यातला नैतिक प्रश्न याच फटीत राहतो.

कांटने 1785 साली खोट्या वचनाचं एक उदाहरण दिलं. एक माणूस पैसे उसने मागतो, आपण ते परत करू शकणार नाही हे त्याला माहीत असतं, तरी परत करण्याचं वचन देतो. इथे दोष दाखवणं सोपं आहे, कारण त्याला माहीत आहे. पण सणाच्या तोंडावर जादा ऑर्डर घेणाऱ्या बाईला नक्की माहीत नसतं. तिला वाटत असतं की होऊन जाईल. ती खोटं बोलत नाही, आशा करते. ही आशा नेमकी कोणाच्या खर्चाने चालते, एवढंच मला तपासायचं आहे. त्यासाठी आधी ओव्हनचा हिशेब सांगावा लागेल.

नाताळचा प्लम केक हा एका दिवसाचा पदार्थ नाही. काळे मनुके, बेदाणे आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला रममध्ये भिजत घालते. अर्ध्या किलोच्या केकला भिजून फुगलेला मेवा साधारण 200 ग्रॅम लागतो. म्हणजे डिसेंबरात किती केक होणार हे खरं तर दोन महिने आधी, बरणीचं झाकण लावतानाच ठरलेलं असतं. नंतर बाजारातून मेवा आणता येतो, पण त्याच्या आत गेलेले दोन महिने विकत मिळत नाहीत.

भाजणं मंद असावं लागतं. माझ्या ओव्हनमध्ये एका वेळी सहा इंची चार डबे बसतात, 150 अंशांवर सुमारे 1 तास 20 मिनिटं. वरची जाळी रिकामी दिसते म्हणून तिथे आणखी चार ठेवता येत नाहीत. वरचे वरून करपतात आणि खालच्यांना वरून धग मिळत नाही. वेळ वाचवायला आच 180 वर नेली तर माथा फुगून फुटतो, कडा कोरड्या पडतात आणि मध्यभागी घातलेली सळई ओली बाहेर येते. केक झाला की नाही हे कानांनाही कळतं. बाहेर काढून कान जवळ नेला आणि आत बारीक चुरचुर चालू असली तर अजून अवकाश आहे. आवाज शांत झाला की झाला. मग तो डब्यातच रात्रभर निवतो. गरम असताना गुंडाळला तर आतली वाफ कागदाला धरते आणि आठवड्याभरात बुरशी येते. नंतर रमचा हात फिरवून निदान आठ दिवस मुरू द्यायचा. लोणच्याला आपण जे क्रियापद वापरतो तेच इथे अचूक बसतं. न मुरलेला केक सुरीखाली भुगा होतो.

दिवसाला तीन घाणे, म्हणजे बारा केक. त्यासाठी बारा डबे, कारण डबे रात्रभर अडकलेले असतात. 7 ते 14 डिसेंबर या आठ दिवसांतला एक मी रिकामा ठेवते. उरलेले सात दिवस, चौऱ्याऐंशी केक, सतरा किलोच्या आसपास मेवा. त्यांतले साठ नेहमीच्या घरांचे, चोवीस नव्यांसाठी. हा आकडा ऑक्टोबरात ठरतो आणि स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवलेला असतो.

आता 8 डिसेंबरला फोन येतो. एका कचेरीला वीस तारखेपर्यंत तीस केक हवे आहेत. भावाची घासाघीस नाही, निम्मे पैसे आगाऊ. तीस केक म्हणजे आठ घाणे. रिकाम्या दिवसात तीन बसतात. उरलेले पाच, नऊ ते तेरा या पाच दिवसांत रोज एक जादा टाकून. दिवसाला तीनऐवजी चारच घाणे तर होतात, आणि डबे आणखी चार आणता येतील. कागदावर हे बसतं. अशक्य ऑर्डर नाकारायला विचार करावा लागत नाही. कागदावर बसणारी ऑर्डर माणसाची परीक्षा बघते.

मेव्याची अडचण उघड आहे. या तिसांना सहा किलो मेवा लागेल. नवा आणला तर तो चार दिवस भिजलेला असेल. जुना वापरला तर ज्यांचा होता त्यांना नवा मिळेल. किंवा दोन्ही मिसळायचे, म्हणजे सगळ्यांनाच थोडं थोडं कमी. ही तिसरी वाट सर्वांत वाईट, कारण ती कोणाच्या लक्षात येणार नाही.

पण माझा भर रिकाम्या दिवसावर आहे. तो कशासाठी असतो? वीज जाते. ओव्हन गरम होऊन पस्तीस मिनिटं झालेली असताना गेली, तर केक मध्ये बसतो, आणि बसलेला केक पुन्हा भाजून उठत नाही. घाणा गेला की चार केक गेले. रिकामा दिवस हाताशी असेल तर ते चार तिथे सरकतात आणि कोणाला काही कळवावं लागत नाही. तो दिवस कचेरीला दिलेला असेल तर चार घरांना फोन करावा लागेल. कोणत्या चार?

कचेरीला नाही, तिने आगाऊ पैसे दिलेले, ती नवी, तिच्याशी नाव खराब व्हायला नको. नव्या चोवीसांनाही नाही, ते पुन्हा यावेत असं वाटतं. मग मनात अगदी सहज एक वाक्य उगवतं: ‘नेहमीचे आहेत, समजून घेतील.’ आणि ते खरंच समजून घेतात. म्हणूनच ते वाक्य मला भयंकर वाटतं. ज्यांनी आपल्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला त्यांनाच, त्या विश्वासामुळे, रांगेत शेवटी उभं करायचं. उशिराची किंमत ऑर्डर देणारा भरत नाही, घेणारीही भरत नाही. ती भरतात तिसरीच माणसं, ज्यांना असा काही सौदा झाल्याचं माहीतही नाही. कांटच्या उसनवारीत फसणारा निदान समोर उभा असतो.

म्हणून कचेरीतल्या बाईंना मी त्याच फोनवर सांगते, ‘अहो, या वर्षी नाही जमणार. माझ्याकडे जागा संपली.’ ‘बघते’ म्हणून दोन दिवस लावले असते तर त्यांचेही दोन दिवस गेले असते, आणि 8 तारखेला त्यांना दुसरीकडे जे मिळू शकतं ते 10 तारखेला मिळेलच असं नाही. नकाराची किंमत तारखेवर ठरते. दुसऱ्या कोणाचा नंबर द्यावा का, हा वेगळा पेच. ज्यांचा केक मी खाल्ला आहे आणि ज्यांना विचारून घेतलं आहे त्यांचाच नंबर देते. नंबर देणं हेही एक अर्धं वचनच असतं, फक्त पूर्ण दुसऱ्याने करायचं.

या भूमिकेला एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. नेहमीच्यांना आधी देणं म्हणजे वशिला नव्हे का? नवी माणसं या शहरात नुकती आली असतील, त्यांना पहिला नाताळ घरापासून दूर काढायचा असेल. त्यांची गरज एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाच्या सवयीपेक्षा मोठी असू शकते. मला हा आक्षेप पूर्ण खोडता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की जुनेपण हा हक्क नाही, तो मी वर्षभरापूर्वी न बोलता दिलेला शब्द आहे, आणि त्यालाही मुदत असावी. 25 नोव्हेंबरपर्यंत नेहमीच्या घरांनी आकडा कळवायचा. न कळवल्यास ती जागा नव्यांकडे जाते.

खरा कस लागतो तो 18 तारखेला. दरवर्षी दोन केक नेणाऱ्या, मजल्यावरच्या सगळ्यांना वाटणाऱ्या मामींचा फोन येतो: ‘मुलगा येतोय ग, आणखी तीन देशील ना? तुला काय जड आहे.’ कचेरीला नाही म्हणणारी बाई इथे हो म्हणाली, तर तो नियम नव्हता, ती आवडनिवड होती. शिवाय 18 तारखेला भाजलेला केक न मुरताच कापला जाणार. मी म्हणते, ‘मामी, तीन नाही होणार. तुमच्या दोनांतला एक पातळ कापून देऊ का, ताटात पुरेल तेवढा? आणि मुलगा जानेवारीत असेल तर दहा तारखेला ताजा मुरलेला देईन.’ त्या थोडा वेळ गप्प होतात. त्या गप्प राहण्यावर घाईने काहीतरी देऊ करायचा मोह फार होतो. पण तेव्हा जे तोंडून जातं ते मामींसाठी नसतं, आपली अवघड वेळ टळावी म्हणून असतं.

केरळात सांगितलं जातं की 1883 साली तलश्शेरीच्या मंबळ्ळी बापूंकडे मर्डोक ब्राऊन नावाचा मळेवाला इंग्लंडहून आणलेला केक घेऊन आला आणि असा करून देशील का म्हणाला. त्या गोष्टीत सगळ्यांना बापूंचं धाडस आवडतं. मला त्यातला आकडा आवडतो. केक एक होता.

14 तारीख वीज न जाता पार पडली तर रिकाम्या दिवसाचे बारा केक हातात राहतात, कारण तेवढा मेवा मी जास्तीचा भिजवलेला असतो. ते कोणाचे? नकार दिलेल्यांची नावं मी ज्या क्रमाने फोन आले त्या क्रमाने वहीत लिहिते, आणि 15 तारखेला सकाळी त्याच क्रमाने फोन करते. कचेरीला तीस हवे होते, बारा चालतील का विचारते. बहुधा चालत नाहीत. बाकीच्यांपैकी निम्म्यांनी दुसरीकडून घेतलेला असतो. ‘आता कशाला?’ असं कोणी जरा फणकाऱ्याने म्हणतं. मी ‘बरं’ म्हणते आणि वहीतल्या पुढच्या नावाला फोन लावते.