‘अथ’ : पहिल्या शब्दाच्या आधी काय घडलेले असते?

कल्पना करा की एखादी व्यक्ती प्रथमच एखाद्या जाणत्या माणसासमोर येऊन बसते. ओळखपाळख नाही, विषय ठरलेला नाही, काय हवे ते सांगितलेले नाही. आणि ती म्हणते, “चला, सुरुवात करूया.” जणू सारी बैठक आधीच मांडून ठेवली आहे, फक्त घंटा वाजायची राहिली आहे. अशा वेळी ऐकणाऱ्याने काय करावे? लगेच बोलायला लागावे की थांबून विचारावे? आणि म्हणणाऱ्याने असे म्हणण्यापूर्वी स्वतःकडे काय पाहायला हवे?

हा प्रश्न आपल्या दर्शनकारांना फार जुन्या काळापासून माहीत आहे, कारण त्यांचे ग्रंथच अशा एका शब्दाने सुरू होतात. तो शब्द म्हणजे ‘अथ’. आपण मराठीत ‘अथपासून इतिपर्यंत’ म्हणतो, तेव्हा ‘अथ’ म्हणजे आरंभ एवढेच आपल्या मनात असते. पण जैमिनींची मीमांसासूत्रे, बादरायणांची ब्रह्मसूत्रे आणि पतंजलींची योगसूत्रे या तिन्ही ग्रंथांच्या पहिल्याच सूत्रात पहिला शब्द ‘अथ’ आहे, आणि भाष्यकारांनी या दोन मात्रांच्या शब्दावर पानेच्या पाने खर्च केली आहेत.

मीमांसासूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांनी अडचण नेमकी मांडली. व्यवहारात ‘अथ’ हा शब्द काहीतरी होऊन गेल्यानंतर वापरतात. जेवण झाले, आता विश्रांती. पेरणी झाली, आता राखण. पण येथे तर हा ग्रंथाचा पहिलाच शब्द! त्याच्या आधी काहीच झालेले दिसत नाही. मग हे ‘आता’ कशानंतरचे? शबरांचे उत्तर असे की दिसत नसले तरी आधी काहीतरी झालेले असलेच पाहिजे. ते ओळखायचे कसे? त्यांची कसोटी सरळ आहे : जे झाले असता पुढची गोष्ट शक्य होते, तेच आधीचे. धर्माचा विचार करायचा तर वेदवाक्ये पाठ असायला हवीत, कारण विचार त्यांच्याच अर्थाचा करायचा आहे. म्हणून धर्मजिज्ञासेच्या आधी वेदाध्ययन.

येथे शबरांनी आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगितली आहे. अध्ययन संपले की स्नान करून घरी परतावे, असा ब्रह्मचाऱ्यासाठी परिपाठ होता. शबर म्हणतात, पाठांतर संपताच घाईने परतू नये. अर्थाचा विचार करण्यासाठी गुरुगृही आणखी राहावे. म्हणजे ‘अथ’ हा शब्द एका बाजूने मागे पाहायला लावतो आणि दुसऱ्या बाजूने निघालेल्या पावलांना थांबवतो. जेथे आपल्याला वाटते की काम पूर्ण झाले, तेथे तो सांगतो की खरे काम आता आहे.

ब्रह्मसूत्रांकडे आलो की प्रश्न अधिक खोल होतो. शंकराचार्य ‘अथ’ शब्दाचे संभाव्य अर्थ एकेक करून तपासतात. ‘अथ’ म्हणजे आरंभ, असे घ्यावे का? ते म्हणतात, नाही. कारण येथे विषय आहे ब्रह्माच्या जिज्ञासेचा, आणि जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. इच्छा ही ‘चला, सुरू करू’ म्हणून सुरू करता येत नाही. भूक लागावी लागते. ठरवून लागत नाही. मग ‘अथ’ म्हणजे मंगल का? तेही नाही. मंगलाचा वाक्याच्या अर्थाशी अन्वय लागत नाही. शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला तरी केवळ त्याच्या श्रवणाने मंगल साधतेच. म्हणून उरतो तो ‘त्यानंतर’ हा अर्थ.

याच्या शेजारी योगसूत्रे ठेवून पाहा. तेथे व्यासभाष्य म्हणते की ‘अथ’ म्हणजे आरंभच. शब्द तोच, अर्थ वेगळा. याचे कारण पुढच्या शब्दात आहे. योगसूत्रांत आरंभ होतो तो अनुशासनाचा, म्हणजे शिकवणीचा. शिकवण सुरू करणे शिक्षकाच्या हातात असते. ब्रह्मसूत्रांत मात्र गोष्ट आहे शिकणाऱ्याच्या तहानेची, आणि ती दुसऱ्याच्या हातात नसते. आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. “चला, सुरुवात करूया” हे वाक्य वर्गाविषयी, पाठाविषयी, आसनाविषयी खरे ठरू शकते. जाणण्याच्या इच्छेविषयी ते तेव्हाच खरे ठरते, जेव्हा सुरुवात आतल्या आत आधीच होऊन गेलेली असते.

मग ती आधीची गोष्ट कोणती? शंकराचार्य चार गोष्टी सांगतात : नित्य काय आणि अनित्य काय यांचा विवेक, इहलोकीच्या आणि परलोकीच्या भोगांविषयी वैराग्य, शम, दम इत्यादी साधनांची संपत्ती, आणि मोक्षाची इच्छा. या असतील तर कर्मकांडाचा विचार आधी झालेला असो वा नसो, ब्रह्माचा विचार होऊ शकतो. या नसतील तर होत नाही.

रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. श्रीभाष्यात ते म्हणतात की ‘अथ’ म्हणजे कर्मविचारानंतर. केवळ कर्माचे फळ अल्प आणि अस्थिर असते, हे कर्माचा विचार केल्यानेच कळते, आणि ते कळल्यावरच माणूस अनंत फळाकडे वळतो. त्यांचा आक्षेप बोचरा आहे : नित्य काय आणि अनित्य काय हे शास्त्राचा विचार केल्याशिवाय ठरणार कसे? विचारासाठी विवेक हवा आणि विवेकासाठी विचार हवा, मग पहिले पाऊल कोठे टाकायचे?

‘भामती’कार वाचस्पतिमिश्रांनी शंकराचार्यांच्या बाजूने या गाठीकडे लक्ष दिले आहे. आधी लागणारा विवेक म्हणजे पूर्ण निश्चय नव्हे. पूर्ण निश्चय असता तर पुढे विचार करायचे कारणच उरले नसते. तो एक सर्वसाधारण बोध आहे, की काही टिकणारे असते आणि काही न टिकणारे, आणि मी ज्याच्या मागे धावतो आहे ते दुसऱ्या प्रकारातले आहे. एवढे ज्याला बोचू लागले, त्याची तयारी झाली. दोन्ही आचार्यांत मतभेद आहे तो आधी काय हवे याबद्दल. आधी काहीच नको, असे दोघांपैकी कोणीही म्हणत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसे घडते ते छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात पाहू. नारद सनत्कुमारांकडे येतात आणि म्हणतात, मला शिकवा. आगापीछा काही नाही. सनत्कुमार लगेच शिकवायला लागत नाहीत आणि परतही पाठवत नाहीत. ते म्हणतात, तुला जे ठाऊक आहे ते घेऊन माझ्याजवळ बस. त्याच्या पुढचे मी सांगेन. नारद यादी देतात : चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, गणित, नक्षत्रविद्या आणि आणखी कितीतरी. यादी संपल्यावर मात्र ते खरी गोष्ट बोलतात. मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. आत्मज्ञानी शोक तरून जातो असे ऐकले आहे, आणि मी शोकात आहे.

येथे लक्ष द्या. विद्येच्या यादीने बैठक सुरू झाली नाही. “मी शोकात आहे” या कबुलीने झाली. सनत्कुमारांनी विचारलेला प्रश्न एकच होता, पण त्याने दोन गोष्टी समोर आल्या : कोठून पुढे जायचे आणि कशासाठी. यानंतर सनत्कुमार नामापासून वाणी, वाणीपासून मन अशा पायऱ्यांनी नेतात. प्रत्येक पायरीवर नारद विचारतात, याहून मोठे काही आहे का? प्राणापर्यंत आल्यावर ते विचारायचे थांबतात. पण सनत्कुमार थांबत नाहीत. न विचारता ते स्वतःच पुढे सत्याकडे आणि शेवटी भूम्याकडे नेतात. ज्याची तहान एकदा स्पष्ट झाली आहे, त्याचा प्रश्न मध्येच संपला तरी जाणता गुरू त्याला अर्ध्यावर सोडत नाही.

प्रश्नोपनिषदात दुसरी तऱ्हा दिसते. सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलादांकडे येतात. ते ब्रह्मनिष्ठ आहेत, शोधात आहेत, रीतीप्रमाणे आले आहेत. तरीही पिप्पलाद सांगतात की तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेने आणखी एक वर्ष राहा, मग हवे ते विचारा. आम्हाला ठाऊक असेल तर सारे सांगू. ‘ठाऊक असेल तर’ या शब्दांत गुरूनेही स्वतःची बाजू आधीच उघड केली आहे. तयारी फक्त शिष्याकडूनच अपेक्षित नाही.

या विचाराची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. ‘तयारी आहे का?’ हा प्रश्न सहज ‘तू कोणाच्या घरचा?’ या प्रश्नात बदलतो. शंकराचार्यांच्या चार साधनांत जन्माचा उल्लेख नाही. पण त्याच ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात वेदाध्ययनावाचून शूद्रांना वेदद्वारा ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारला आहे. विदुर आणि धर्मव्याध ज्ञानी होते हे भाष्य मान्य करते, इतिहासपुराणांची वाट सर्वांना मोकळी ठेवते, पण मुख्य दार बंदच राहते. महाराष्ट्रात ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा सामान्य माणसासाठी हीच अडवणूक दूर झाली. म्हणून शबरांची कसोटी लक्षात ठेवावी : जे असल्याने पुढचे पाऊल शक्य होते तेवढेच आधी मागावे. विवेक नसेल तर विचार होत नाही, हे खरे. अमुक कुळ नसेल तर विचार होत नाही, हे विदुराच्या एका उदाहरणानेच खोटे ठरते.

तेव्हा कोणी येऊन “चला, सुरुवात करूया” म्हणाले, तर त्याला परत पाठवू नये आणि पाठ म्हणायलाही घेऊ नये. सनत्कुमारांसारखे विचारावे : तुला काय ठाऊक आहे? उत्तर फक्त यादीचे आले, आणि यादीनंतर काहीच आले नाही, तर पिप्पलादांप्रमाणे थोडा काळ मागावा. यादीनंतर जर एखादी बोचणी बाहेर पडली, तर समजावे की सुरुवात कधीच झालेली आहे. आणि ते वाक्य आपल्याच ओठांवर आले असेल, तर हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावा. कशानंतरचे ‘आता’ आहे हे?