न विचारलेला प्रश्न

जुलैतला रविवार होता. खोपोलीत बाहेर धो धो पाऊस, घरात मी मोबाइल घेऊन पडलेली. एका मैत्रिणीचं स्टेटस उघडलं तर पेठच्या किल्ल्याचा फोटो. कोथळीगडाच्या सुळक्यात आतून कोरलेल्या पायऱ्या, आणि त्यांवर ओळीने बसलेले माझे चौघे. कॉलेजची पाच वर्षं आम्ही पाच जण होतो. फोटो काढणारं पाचवं कोणी असेल म्हणून मी वेड्यासारखं पुन्हा पाहिलं. सेल्फी होता.

आमचा पाच जणांचा ग्रुप त्या आठवड्यात शांत होता. म्हणजे आंबिवलीला किती वाजता जमायचं, रेनकोट कोणाकडे जास्तीचा आहे, हे सगळं दुसरीकडे कुठेतरी ठरलं होतं. मला ट्रेक हुकल्याचं फार वाटलं नाही. ते ठरवणं हुकलं, ते लागलं.

मग मनात खटला सुरू झाला. आरोपी चौघे, न्यायाधीश मीच. पण असं वाटणं हा गुन्ह्याचा पुरावा असतो का?

किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. एक फ्रिस्बी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तर खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी त्यांनाही खेळात घेतलं. थोड्या वेळाने त्यांच्याकडे फेकणं बंद केलं. अनोळखी माणसं, काही मिनिटांचा खेळ, तरी त्यांना आश्चर्य वाटावं इतकं ते लागलं. यातून पुढे त्यांनी ‘सायबरबॉल’ हा प्रयोग केला. स्क्रीनवर तिघे चेंडू खेळतात आणि थोड्याच वेळात तुमच्याकडे चेंडू येणं थांबतं. समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर खेळतोय, असं आधी सांगितलं तरी लोकांना वाईट वाटतंच.

मला हे महत्त्वाचं वाटतं. वगळलं गेल्याची कळ धोक्याच्या घंटेसारखी आहे. घंटा खरी वाजते, पण आग लागलीये की कोणी नुसती काडी पेटवलीये, हे ती सांगत नाही. ते आपल्यालाच जाऊन बघावं लागतं.

मी बघायचं ठरवलं. कर्जतच्या मैत्रिणीला फोन केला. भांडायचं नाही असं घोकून बसले होते, तरी पहिलं वाक्य वाकडंच निघालं. “पेठ छान दिसतोय गं.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, तुझी शिफ्ट असते ना. मागच्या दोन्ही वेळेस तू नाही म्हणालीस. परत विचारलं तर तुलाच वाईट वाटेल, म्हणून वेगळा ग्रुप केला.”

तिचं खोटं नव्हतं. नोकरी लागल्यापासून मी दोनदा नकार दिला होता. खोपोलीहून कर्जत लोकलने अर्धा तासही नाही; लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, की आलं. पण चौघे एका बाजूला राहतात आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघणं आलं. चौघांचं पटकन ठरतं, माझ्यासाठी थांबावं लागतं.

मग त्यांची चूक काय? प्रत्येक वेळी मला न्यायलाच हवं, असा माझा हक्क नाही. दोघींना दोघींपुरतं भेटावंसं वाटू शकतं. मैत्री म्हणजे रेशनकार्ड नव्हे, की नाव आहे म्हणून वाटा मिळालाच पाहिजे. पण इथे दोन गोष्टी घडल्या होत्या. माझा ‘नाही’ माझ्याऐवजी त्यांनी म्हणून टाकला होता. आणि तो मला कळू नये याची सोय केली होती.

पहिली गोष्ट काळजीपोटी होते, म्हणून ती ओळखू येत नाही. ‘तिला जमणार नाही’ हे ऐकायला समजूतदार वाटतं. पण नकार द्यायला मिळणं हासुद्धा सोबतीचा भाग आहे. “जमणार नाही रे, फोटो पाठवा” असं म्हणणारी माणूस ग्रुपमध्येच असते. जिला विचारलंच नाही, ती बाहेर असते. दुसरी गोष्ट जास्त जड. लपवावं लागतंय, म्हणजे समोरच्याला लागणार हे आपल्याला आधीच माहीत आहे.

हे बोलताना मला कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. माथेरानला जाताना आम्ही वर्गातल्या एकीला विचारलं नव्हतं. “तिचे घरचे सोडणार नाहीत,” असं मीच म्हणाले होते. तिच्या घरच्यांना मी कधी भेटलेही नव्हते.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, “मला दहादा नाही म्हणू दे. पण विचार.”

पुढच्या आठवड्यात मेसेज आला: कोंढाणे लेणी, रविवारी. माझी शिफ्ट होती. मी ‘नाही’ लिहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला ग्रुपमध्ये असल्यासारखं वाटलं. मग माथेरानवालीचा नंबर शोधायला घेतला.