रात्रीची स्वस्त वीज

कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील अनेक फाउंड्र्यांत वर्षानुवर्षे धातू वितळविण्याचे काम रात्री दहानंतर होत असे. त्याचे कारण वीजबिलात होते. 2025 पूर्वीच्या दरपत्रकानुसार मोठ्या उद्योगांना संध्याकाळी 6 ते 10 या वेळेत युनिटमागे 1 रुपया 10 पैसे अधिक पडत, तर रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत दीड रुपयाची सवलत मिळे. एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे 600 युनिट लागतात. दहा टनांचे काम संध्याकाळऐवजी रात्री केल्यास 15,600 रुपये वाचत.

वीज तीच, मग दर वेगळा का? वीजकेंद्रे, वाहिन्या आणि रोहित्रे उभारावी लागतात ती सर्वाधिक मागणीच्या घटकेसाठी. त्या घटकेला वीज मागणारा नव्या यंत्राची गरज निर्माण करतो. मध्यरात्री मागणारा रिकामे पडलेले यंत्र वापरतो. म्हणून क्षमतेचा खर्च पहिल्याने द्यावा, दुसऱ्याने केवळ वीज निर्माण करण्याचा, असा युक्तिवाद मार्सेल ब्वातो या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने 1949 मध्ये मांडला. तो मला मुळात न्याय्य वाटतो.

परंतु त्यात एक गृहीत दडले आहे : वेळ निवडणे ग्राहकाच्या हाती असते. संध्याकाळची गर्दी मुख्यतः आपल्या घरांतील दिवे, पंखे व दूरदर्शन संच करतात. घरच्या साध्या मीटरला वेळ कळत नसल्याने आपण तो अधिभार कधी भरला नाही. याउलट शेतीपंपांना तीन-फेज वीज पाळीपाळीने मिळे, कधी दिवसा, कधी रात्री. शेतकऱ्याचा दर सवलतीचा खरा. पण उरलेली किंमत तो अंधारात, सापकिरडाच्या भीतीत उसाला पाणी पाजून चुकवी. फेब्रुवारी 2022 मध्ये कोल्हापुरात शेतकरी धरणे धरून बसले, ते दिवसा वीज मिळावी म्हणून. फाउंड्रीत सवलत मालकाच्या बिलात उतरे, जागरण मात्र कामगाराच्या वाट्याला येई.

तेव्हा क्षमतेचा भार कोणी उचलावा? माझ्या मते, ज्याला वेळ बदलता येते आणि तरी जो बदलत नाही, त्याने. घराच्या आवश्यक दिव्यापुरती वीज अधिभारातून वगळावी. त्यापुढील संध्याकाळच्या वापराचा भार मात्र आपण नाकारू नये. आणि रात्रपाळीमुळे वाचलेल्या 15,600 रुपयांत रात्र जागणाऱ्याचाही वाटा असावा.

सौर ऊर्जेमुळे दुपारी वीज मुबलक होऊ लागली, तेव्हा 2025 च्या दरआदेशांत सवलतीची वेळ दिवसाकडे सरकली. भट्टीवरच्या कामगाराला यातून रात्रीची झोप परत मिळू शकेल. ती मिळाली, तरी दराच्या हिशेबात ती कोणी मोजलेली नव्हती, हे विसरता येत नाही.