मशीनचा तास मागताना

यांत्रिकी पदविकेच्या अंतिम वर्षात प्रकल्प करणारे विद्यार्थी जवळच्या कारखानदाराला जे पत्र लिहितात, त्यात बहुधा ‘एक दिवस लेथ उपलब्ध व्हावा व मार्गदर्शन मिळावे’ एवढीच विनंती असते. या दोन मागण्या एकमेकींना छेद देऊ शकतात, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते.

भुईमुगाच्या शेंगा फोडणाऱ्या यंत्राचे उदाहरण घेता येईल. त्याच्या ड्रमचा २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट दोन ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगांवर फिरवायचा, त्या बेअरिंगांसाठी दोन घरे (म्हणजे बेअरिंग बसवायच्या पोकळ कड्या) ५२ मिलिमीटर व्यासाची बोअर करून घ्यायची आणि मग ती अँगलच्या सांगाड्याला वेल्ड करायची, असा विद्यार्थ्यांचा बेत असतो. ड्रॉइंगवर तो निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात वेल्ड थंड होताना आकसतो, बोअर किंचित लंबगोल होतो आणि दोन्ही घरांचे अक्ष एका रेषेत राहत नाहीत. बोअर गेजने काटकोनातील दोन व्यास मोजले की पहिला दोष आकड्यांत दिसतो. दुसरा दोष शाफ्ट हाताने फिरवताना जड लागतो तेव्हा उमगतो.

पत्रात केवळ घरांची मापे असतील, तर कारखानदार ती अचूक करून देईल आणि चूक विद्यार्थ्यांच्या पदरात तशीच पडेल. यंत्राचे काम, ड्रमचा वेग, वेल्डिंगचा क्रम आणि जे अद्याप ठरलेले नाही तेही पत्रात मोकळेपणाने लिहिले असेल, तर अनुभवी माणूस बहुधा सांगेल की ही घरे करूच नयेत आणि बाजारातून यूसीपी २०५ जातीचे दोन प्लमर ब्लॉक आणावेत. या तयार बैठकीतील बेअरिंगचा बाहेरचा पृष्ठभाग गोलाकार असल्याने सांगाड्यातील थोडा वाकडेपणा ती सामावून घेते. मग लेथवर केवळ शाफ्टचे टर्निंग उरते. असा सल्ला देणारा स्वतःचेच काम कमी करतो, हे विनंती करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

उरलेल्या टर्निंगसाठीही निव्वळ कातकामाचा वेळ मागणे अपुरे ठरते. सेटिंग, म्हणजे जॉब चकमध्ये धरून त्याचे केंद्र जुळवणे आणि हत्यार बसवणे, हा वेळही कारखान्याच्या चालू ऑर्डरमधूनच जातो (सबमिशनच्या आठवड्यात आलेले पत्र तो जवळजवळ हिसकावूनच घेते). म्हणून ड्रॉइंग, धातू, नगसंख्या, अचूकता नेमकी कोठे हवी आणि तासाचा दर देण्याची तयारी, हे सारे पहिल्याच पत्रात असावे. सर्व मापांना सरसकट शतांश मिलिमीटरची मर्यादा लावणे म्हणजे स्वतः न केलेल्या विचाराचा भार दुसऱ्याच्या मशीनवर टाकणे होय.

यानंतर प्रकल्प अहवालात ‘खर्च व गुंतागुंत टाळण्यासाठी प्लमर ब्लॉक निवडला’ असे वाक्य येते. त्यातील निवड कोणाची होती, हे त्याच पानावर नोंदवले जात नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकही ते सहसा विचारत नाहीत.