सात वाजताचा भोंगा

'मोबाईल : शाप की वरदान?' या निबंधाचा साचा ठरलेला आहे. एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा आणि शेवटी 'वापर आपल्या हातात आहे'. गंमत अशी, की हा मजकूर पुष्कळदा मोबाईलवरूनच वहीत उतरतो, आणि तेव्हा आईवडीलही शेजारी आपापल्या फोनमध्ये गुंतलेले असतात.

एखाद्या मुलाला या विषयावर खरोखर लिहायचं असेल, तर मी त्याला सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावची हकिगत सांगेन. करोनाच्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरू लागली. तेव्हा फोन नसता तर अनेकांचं शिक्षण पार थांबलं असतं. त्याला वरदानच म्हणावं लागेल. पण पुढे शाळा उघडल्या आणि फोन काही मुलांच्या हातून सुटेना. अभ्यास मागे पडतोय, असं शिक्षक सांगू लागले.

मग २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने एक नियम केला. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत.

बातम्यांत भोंगा गाजला. मला मात्र त्याच्या आधीची गोष्ट मोलाची वाटते. नियम करण्यापूर्वी गावातल्या बायकांची सभा झाली आणि मालिकांमध्ये आपलाही बराच वेळ जातो, हे त्यांनी मान्य केलं. म्हणजे बंदी एकट्या मुलांवर आली नाही. शिवाय नुसत्या आवाजाने काम भागलं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांना घरोघरी फिरून लोकांना समजवावं लागलं.

या उपायाला मर्यादा आहेत. साडेआठनंतर काय, याचं उत्तर भोंग्याकडे नाही. ज्यांचं कामच फोनवर येतं, त्यांना सात वाजता तो बंद करणं परवडत नाही. आणि शहरातल्या सोसायटीत भोंगा वाजवला, तर आधी त्याचीच तक्रार होईल.

तरी निबंधाच्या प्रश्नात जे सुटतं, ते वडगावने पकडलं. आपण मुलाच्या हाती फोन देतो, त्याच्यासमोर स्वतः तासन् तास तो पाहतो, आणि निवाडा मात्र आठवीतल्या पोराने दहा गुणांसाठी द्यायचा! हे मला न्यायाचं वाटत नाही.

शिक्षकांनी विषयच बदलून पाहावा : 'आमच्या घरात काल सात ते साडेआठ'. कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या हातात काय होतं, कोणी कोणाला हाक मारली आणि 'ओ' यायला किती वेळ लागला, एवढंच मुलांनी लिहायचं. सुरुवात घरातल्या मोठ्यांपासून करायची. गुण किती द्यायचे, ते शिक्षक ठरवतीलच. हे निबंध पालकसभेत मोठ्याने वाचायचे का, हे ठरवणं जरा जड जाईल.