‘रडून घे’ म्हणण्याआधी

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गावं नुकतीच झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांना पुढे कितीतरी दिवस छताखाली झोपायचा धीर होत नव्हता.

त्यांतली एखादी आई डोळ्यांसमोर आणा. मुलगा गेलाय, पण ती रडत नाही. वाढलं तर चार घास खाते, विचारलं तर ‘हं’ म्हणते. बाया म्हणतात, दगड झालीय. आणि तीच बाई रात्री ट्रकची घरघर ऐकली की ताडकन उठून अंगणात धावते.

ही दोन्ही रूपं एकाच धक्क्याची. धोका ओळखणारी मेंदूतली यंत्रणा विचाराच्या आधी जागी होते. छाती धडधडून पाय पळू लागल्यावर कळतं, ट्रक होता. तिचं बधिर होणं म्हणजे मायेचा अभाव नाही. न पेलणाऱ्या दुःखापुढे मन जाणीवच मंद करतं.

जवळची माणसं कळवळून सांगतात, ‘रडून घे, सगळं बोलून मोकळी हो.’ पण पहिल्याच दिवसांत एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नये असंच सांगते. त्या वेळी हवा असतो सुरक्षित निवारा, पाणी, हरवलेल्यांची खरी बातमी आणि ती बोललीच तर ऐकणारं कुणी.

बहुतेकजण काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही दचकणं, दुःस्वप्नं, बधिरपणा तसाच राहिला, घरच्या लेकरांकडेही तिचं लक्ष लागेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नयेत. भीती तशीच राहते आणि गोळीची सवय जडते.

जाणता तज्ज्ञ पहिल्या भेटीत त्या रात्रीबद्दल खोदून विचारत नाही. झोप कशी लागते ते विचारतो, ट्रकला ती का दचकते ते समजावतो आणि सांगतो, ‘नको वाटलं तर हात वर करा, थांबू.’ बोलता बोलता तिची नजर थिजली तर तो खरंच थांबतो. पायाखालची फरशी जाणवते का, आत्ता कोणते आवाज येताहेत, हे विचारून तिला खोलीत परत आणतो. पण हळुवारपणा म्हणजे विषय कायमचा टाळणं नव्हे, कारण टाळल्याने भीती मुरते. म्हणून ती रात्र थोडी थोडी करून सांगायची. छताखालीही आधी भर दुपारी, दार उघडं ठेवून, जाऊबाई शेजारी असताना थोडा वेळच पडायचं. ते सोसलं की मग रात्र.

सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. तिला स्वतःला बोलवत नसेल, तर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.